आठ मशीनांवर ८० कोटी नोंदींचं सॉर्टिंग: काप कुठे घालायचा आणि तुकडे परत कसे जुळवायचे

समांतर सॉर्टिंग संथ चालतं तेव्हा बहुतेक जण आधी सॉर्टिंगच्या अल्गोरिदमवर संशय घेतात. दोष मात्र सहसा काप घालण्यात असतो. एका मशीनच्या वाट्याला दीडपट माल आला, तर बाकीची सात मशीन कितीही चपळ असली तरी सगळं काम त्या एकासाठी थांबतं. म्हणून या लेखात मुख्य भर कापांवरच आहे: मशीन-मशीनमधला काप, आणि एका मशीनच्या आतला कोअर-कोअरमधला काप.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. आठ मशीन आहेत, क्रमांक ० ते ७. प्रत्येकावर ८ कोअर आणि ३२ जीबी मेमरी. एकूण ८० कोटी नोंदी, प्रत्येक नोंद १०० बाइटची, त्यातले पहिले १० बाइट म्हणजे ज्यावरून क्रम लावायचा ते मूल्य. त्याला इथे ‘किल्ली’ म्हणू. (सॉर्ट बेंचमार्क या नावाजलेल्या स्पर्धेत नोंदीचा साचा हाच असतो, त्यामुळे चाचणीसाठी तिथला नोंदी बनवणारा `gensort` प्रोग्राम थेट वापरता येतो.) प्रत्येक मशीनवर सुरुवातीला १० कोटी नोंदी, म्हणजे १० जीबी माल आहे. शेवटी हवंय असं: मशीन ० वर सगळ्यात लहान किल्ल्या, मशीन ७ वर सगळ्यात मोठ्या, आणि प्रत्येक मशीनवर आतून पूर्ण क्रम.

पायरी १: आधी आपापल्या घरी सॉर्ट करा

दोन रस्ते आहेत. एक, आधी माल वाटायचा आणि मग ज्याने त्याने सॉर्ट करायचं. दुसरा, आधी ज्याने त्याने सॉर्ट करायचं, मग वाटायचं आणि शेवटी मर्ज करायचं. माल मेमरीत मावत असेल तर दुसरा रस्ता घ्या. तो का बरा, हे पायरी २ मध्ये आकड्यांनिशी दिसेल.

१०० बाइटच्या अख्ख्या नोंदी मेमरीत इकडून तिकडे हलवू नका. प्रत्येक नोंदीसाठी १६ बाइटचा एक छोटा घटक बनवा: १० बाइट किल्ली, ४ बाइट नोंदीचा क्रमांक, २ बाइट मोकळे. १० कोटी घटक म्हणजे १.६ जीबी. सॉर्टिंग या घटकांचं करायचं. मूळ नोंदी जागेवरच राहतात आणि पाठवायच्या वेळी क्रमाने उचलल्या जातात.

आठ कोअर प्रत्येकी सव्वा कोटी घटक सॉर्ट करतात. इथवर सोपं आहे. मग आठ रांगांच्या जोड्या लावून मर्ज करायचं: आठाच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक. अडचण इथे येते. पहिल्या फेरीत चार कोअर कामाला लागतात, दुसरीत दोन, तिसरीत एकच, आणि त्या शेवटच्या फेरीत तो एकटा सगळा माल ओढतो. एका कोअरने सगळा माल मर्ज करायला लागणारा वेळ १ धरला, तर तीन फेऱ्यांना ०.२५ + ०.५ + १ = १.७५ लागतात. आठही कोअर तिन्ही फेऱ्यांत राबले असते तर ०.३७५ लागले असते. फरक साडेचार पटींहून जास्त आहे. `top` उघडून ठेवलंत तर हे डोळ्यांनी दिसतं: आधी सगळे कोअर भरलेले, मग चार, मग दोन, आणि मग बराच वेळ एकच.

दोन रांगांचं मर्ज अनेक कोअरमध्ये वाटणं

दोन्ही रांगा मधोमध कापून चालत नाही. छोट्या आकड्यांवर बघा:

```
A = 3  8 12 20 31 40 52 60
B = 5  6  7  9 10 33 34 70
```

मधोमध कापलं तर पहिल्या कोअरला 3 8 12 20 आणि 5 6 7 9 मिळतात. त्याचं उत्तर 20 वर संपतं. दुसऱ्या कोअरचं उत्तर 10 पासून सुरू होतं. दोन्ही अर्धे आतून बरोबर असतात, पण जोडलेली रांग चुकलेली असते.

प्रश्न उलटा विचारायचा: *निकालातले* पहिले ८ घटक कुणाकडून किती येतात? A मधून i घेतले तर B मधून 8 − i येणारच. म्हणजे शोधायची संख्या एकच, आणि ती बायनरी सर्चने सापडते. या पद्धतीला मर्ज पाथ म्हणतात.

```python
def cut(A, B, k):
    lo, hi = max(0, k - len(B)), min(k, len(A))
    while lo < hi:
        i = (lo + hi) // 2
        if A[i] <= B[k - i - 1]:
            lo = i + 1
        else:
            hi = i
    return lo, k - lo
```

k = 8 घेऊन हाताने चालवून पाहा. i = 4: A मधला 31 आणि B मधला 9. 31 मोठा, म्हणून hi = 4. मग i = 2: 12 विरुद्ध 33. 12 लहान, म्हणून lo = 3. मग i = 3: 20 विरुद्ध 10, hi = 3, शोध संपला. उत्तर (3, 5). A मधले 3 8 12 आणि B मधले 5 6 7 9 10 पहिल्या कोअरला, बाकीचे दुसऱ्याला. पहिल्याचं उत्तर 12 वर संपतं, दुसऱ्याचं 20 पासून सुरू होतं. तीन तुलनांत काम झालं.

आपल्या शेवटच्या फेरीत पाच-पाच कोटींच्या दोन रांगा आहेत. k च्या जागी १.२५ कोटी, २.५ कोटी, असे सात आकडे टाकले की आठही कोअरना अगदी समान काम मिळतं. एका कापाला जास्तीत जास्त २६ तुलना लागतात, म्हणजे खर्च नगण्य. प्रत्येक कोअरला आपलं उत्तर कुठून लिहायचं तेही k वरून आधीच कळतं, त्यामुळे लॉकची गरज उरत नाही. `<=` च्या जागी `<` मात्र लिहू नका. `<=` मुळे समान किल्ल्यांत A चा घटक आधी येतो. मर्ज करणारा कोडही हाच नियम पाळत असला पाहिजे. एकीकडे `<=` आणि दुसरीकडे `<` असेल तर मूळचा आगेमागेपणा कापाच्या ठिकाणी बिघडतो. हा बग फक्त समान किल्ल्या नेमक्या कापावर आल्या तरच उगवतो, म्हणून छोट्या चाचण्यांत सापडत नाही.

पायरी २: मशीनांमधल्या सीमा ठरवा

आता आठ मशीनांवर आठ सॉर्ट झालेल्या रांगा आहेत. सात सीमा हव्यात. सगळा माल एकत्र न आणता त्या ठरवायच्या, म्हणजे नमुने घ्यायचे.

प्रत्येक मशीनने आपल्या रांगेतली दर लाखावी किल्ली उचलायची. १० कोटींत १००० नमुने होतात. आठ मशीनांचे मिळून ८००० नमुने, जेमतेम सव्वाशे केबी. ते मशीन ० वर गोळा करून सॉर्ट करायचे आणि त्यातला १००० वा, २००० वा, असे ७००० व्यापर्यंतचे नमुने सीमा म्हणून जाहीर करायचे.

यात किती चूक राहू शकते याचा हिशेब कागदावर करता येतो, आणि तो प्रत्येकाने एकदा करावा. दोन सीमांच्या मधल्या हिश्श्यात १००० नमुने पडतात. एखाद्या मशीनचे त्यात ५ नमुने असतील, तर त्या मशीनच्या ६ लाखांपेक्षा कमीच नोंदी तिथे येऊ शकतात, कारण दोन नमुन्यांमधलं अंतर नेमकं एक लाख आहे. म्हणजे प्रत्येक मशीनमागे जास्तीत जास्त एका लाखाची अनिश्चितता. आठ मशीनांची मिळून आठ लाख. सगळ्यात मोठा हिस्सा १० कोटी ८ लाखांच्या पुढे जाऊच शकत नाही. सरासरीच्या वर ०.८ टक्के, हे अंदाजाने नाही, हमखास.

नमुने रँडम घेतले असते तर? तितक्याच ८००० नमुन्यांत एका हिश्श्याचं प्रमाण विचलन सुमारे ३ टक्के निघतं, आणि आठांतला सगळ्यात मोठा हिस्सा साधारण ४ टक्के वर जातो, तोही नशिबावर. आधी सॉर्ट करण्याचा फायदा इथे वसूल होतो. ही ठराविक अंतराने नमुने घेण्याची पद्धत हानमाओ शी आणि जोनाथन शेफर यांनी १९९२ साली मांडली. त्यांच्या मूळ रूपात प्रत्येक मशीन जितकी मशीन तितकेच नमुने घेतं. आपल्याकडे ते ८ झाले असते, आणि वरच्याच हिशेबाने मोठा हिस्सा सरासरीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकला असता. नमुने इतके स्वस्त असताना कंजुषी करण्यात अर्थ नाही.

माल मेमरीत मावत नसल्यामुळे आधी वाटणंच भाग असेल, तर रँडम नमुने घ्या, पण ते फाइलभर पसरलेल्या जागांवरून घ्या. पहिल्या हजार ओळी म्हणजे नमुना नव्हे. फाइल वेळेच्या क्रमाने भरलेली असेल तर त्या हजार ओळी एकाच तासातल्या असतात, आणि सगळा माल शेवटच्या मशीनवर जाऊन आदळतो.

समान किल्ल्यांचा घोळ

वरची हमी एका अटीवर आहे: किल्ल्या वेगवेगळ्या हव्यात. खऱ्या डेटात तसं क्वचितच असतं. समजा २० टक्के नोंदींत किल्ली रिकामी आहे. १६ कोटी नोंदी, सगळ्या सगळ्यात लहान. ८००० नमुन्यांत पहिले १६०० रिकामे. पहिली सीमा, म्हणजे १००० वा नमुना, रिकामा निघतो. ‘सीमेइतकी किंवा तिच्याहून लहान किल्ली डावीकडे’ हा नियम असेल तर सगळ्या १६ कोटी नोंदी मशीन ० वर जातात, आणि मशीन १ ला फक्त ४ कोटी उरतात. काम थेट १.६ पट लांबतं. रिकाम्या किल्ल्या ६० टक्के असत्या तर पहिल्या चारही सीमा रिकाम्या आल्या असत्या, मशीन ० कडे ४८ जीबी माल धावला असता आणि मेमरी संपून ते पडलं असतं.

नमुने वाढवून हे सुटत नाही. सीमा अगदी अचूक असली तरी एका किल्लीच्या पोटात काप घालता येत नाही. उपाय असा की सीमा नुसती किल्ली न ठेवता तिघांची जुडी ठेवायची: किल्ली, मशीनचा क्रमांक आणि त्या मशीनवरच्या रांगेतली जागा. नमुने सॉर्ट करतानाही तुलना तिन्हींची. आता कुठल्याही दोन नोंदी समान राहत नाहीत आणि ०.८ टक्क्यांची हमी परत लागू होते.

यासाठी प्रत्येक नोंदीला जादा बाइट चिकटवावे लागत नाहीत. मशीनला आपला क्रमांक माहीत आहे आणि जागा म्हणजे रांगेतला इंडेक्स. काप शोधताना तीनच शक्यता असतात:

```python
from bisect import bisect_left, bisect_right

def boundary(keys, me, splitter):
    key, m, pos = splitter
    if me < m:
        return bisect_right(keys, key)
    if me > m:
        return bisect_left(keys, key)
    return pos + 1
```

रिकाम्या किल्ल्या आठही मशीनांवर सारख्या, म्हणजे दोन-दोन कोटी असतील, तर पहिली सीमा मशीन ४ च्या रिकाम्या किल्ल्यांच्या शेवटी पडते. मशीन ० ते ४ आपल्या सगळ्या रिकाम्या नोंदी मशीन ० ला देतात, ५ ते ७ आपल्या मशीन १ ला. मशीन ० ला बरोबर दहा कोटी, मशीन १ लाही जवळपास तेवढ्याच.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. पुढचं काम ‘एका किल्लीच्या सगळ्या नोंदी एकाच मशीनवर’ असं गृहीत धरतंय का? गटागटाची बेरीज करायची असेल तर बहुधा धरतंच. तसं असेल तर सीमेवर फाटलेल्या किल्लीसाठी शेजारच्या मशीनांच्या बेरजा शेवटी जोडाव्या लागतील.

पायरी ३: माल हलवण्याआधी तक्ता बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. प्रत्येक मशीनने सात काप शोधले की कुणाला किती नोंदी जाणार ते आठ आकडे त्याच्याकडे तयार असतात. ते एकत्र करा: ८ बाय ८ चा तक्ता, ६४ आकडे. प्रत्येक स्तंभाची बेरीज म्हणजे त्या मशीनला मिळणारा माल. एकही स्तंभ १० कोटी ८ लाखांच्या वर गेला असेल तर पुढे जाऊ नका. वरच्या हिशेबाप्रमाणे ते अशक्य आहे, म्हणजे कुठेतरी चूक आहे: एखाद्या मशीनची रांग सॉर्ट झालेली नाही, किंवा दोन मशीन किल्ल्यांची तुलना वेगळ्या नियमाने करतायत. एक मशीन बाइटना चिन्हासहित संख्या समजतं आणि दुसरं चिन्हाविना, असं झालं की 127 च्या पुढच्या बाइटांचा क्रम उलटापालटा होतो. रँडम नमुन्यांचा रस्ता घेतला असेल तर हमी नसते. तिथे १.१ पटीच्या वर गेलं तर नमुने वाढवून सीमा पुन्हा काढा.

तक्त्याचा दुसरा उपयोग: मिळणाऱ्या मालासाठी जागा आधीच नेमकी राखता येते. मेमरीचा हिशेब असा बसतो: मूळ माल १० जीबी, घटक १.६ जीबी, मर्जसाठी तेवढीच दुसरी जागा, आणि येणारा माल १० जीबी. एकूण सव्वातेवीसच्या आसपास, म्हणजे ३२ मध्ये मावतं. येणाऱ्या मालासाठी बफर दुप्पट-दुप्पट वाढवत नेलं, तर नेमक्या वाढीच्या क्षणी जुनी आणि नवी जागा दोन्ही लागतात आणि मेमरी तिथेच संपते.

पायरी ४: देवाणघेवाण

प्रत्येक मशीन आपल्या मालाचा सात अष्टमांश भाग, म्हणजे ८.७५ जीबी बाहेर पाठवतं आणि तेवढाच घेतं. १० गिगाबिटच्या जाळ्यावर हे कमीत कमी ७ सेकंद, १ गिगाबिटवर ७० सेकंद.

सगळ्यांनी ‘आधी मशीन ०, मग १, मग २’ असा साधा लूप लिहिला तर सुरुवातीला सातही मशीन एकट्या मशीन ० वर तुटून पडतात. स्विचवरचे बफर भरतात, पॅकेट गळतात आणि बाकीच्यांच्या तारा रिकाम्या राहतात. म्हणून फेऱ्या फिरत्या ठेवा: फेरी r मध्ये मशीन i ने `(i + r) % 8` ला पाठवायचं, r = 1 ते 7. मग प्रत्येक फेरीत प्रत्येकाकडे एकच पाठवणारा येतो.

मशीन वाढली की तुकड्यांचं गणित बदलतं. आठ मशीनांत ६४ तुकडे, एकेक सव्वा जीबीचा. तेवढाच माल प्रत्येकी ठेवून मशीन १००० केली तर तुकडे दहा लाख आणि एकेक १० एमबीचा. मर्जलाही हजार रांगा एकदम उघड्या ठेवाव्या लागतात. तेव्हा वाटणी दोन टप्प्यांत करतात: आधी गटांमध्ये, मग गटाच्या आत. माल दोनदा हलतो, पण तुकडे आटोक्यात राहतात.

पायरी ५: मर्ज, आणि पुन्हा काप

आता प्रत्येक मशीनवर आठ सॉर्ट झालेल्या रांगा आहेत. आठांतला लहान निवडायला लूझर ट्री वापरा. दर नोंदीला तीनच तुलना लागतात, साध्या हीपला जवळपास दुप्पट. समान किल्ल्यांत कमी क्रमांकाच्या मशीनची नोंद आधी.

एकाच कोअरने मर्ज केलं तर पायरी १ ची चूक पुन्हा होईल. इथे जोड्या लावायची गरज नाही. पायरी २ मधले ८००० नमुने सगळ्यांना पाठवून ठेवले असतील, तर या मशीनच्या हिश्श्यातले हजार नमुने हाताशीच आहेत. त्यांतला १२५ वा, २५० वा, असे सात उपसीमा म्हणून घ्या. प्रत्येक कोअरला आठही रांगांचा आपापला पट्टा मिळतो. तोच हिशेब: जास्तीत जास्त १२५ + ८ = १३३ लाख नोंदी, सरासरीच्या साडेसहा टक्के वर. प्रत्येक पट्ट्याची लांबी माहीत असल्याने आठही कोअर एकाच फाइलमध्ये आपापल्या ऑफसेटवर `pwrite` ने लिहू शकतात.

एका मशीनवर ताडून पाहायचं असेल तर

ओळींच्या साध्या फाइलवर हीच रचना जीएनयू सॉर्टने उभी करता येते:

```
export LC_ALL=C
split -n l/4 data.txt part.
for f in part.??; do sort -S 2G -o $f.s $f & done; wait
sort -m -o out.txt part.??.s
sort -c out.txt
```

`sort -m` आलेल्या फाइली खरंच क्रमात आहेत का ते तपासत नाही. एक तुकडा वेगळ्या लोकेलमध्ये सॉर्ट झाला असेल तर ते तक्रार न करता चुकीची फाइल देतं. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ, दोन्ही ठेवाच. तुकडे १६ पेक्षा जास्त केले तर `-m` मधल्या तात्पुरत्या फाइली बनवतं आणि माल जादा वेळा डिस्कवर जातो. ते टाळायला `--batch-size` वाढवा.

पायरी ६: तपासणी

तीन गोष्टी तपासा. प्रत्येक मशीनवर आतून क्रम आहे. मशीन i ची शेवटची किल्ली मशीन i+1 च्या पहिल्या किल्लीहून मोठी नाही. आणि जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर आलं. तिसरी गोष्ट नुसत्या मोजणीने कळत नाही: एक नोंद हरवली आणि दुसरी दोनदा आली तरी आकडा ८० कोटीच राहतो. प्रत्येक अख्ख्या नोंदीचा ६४ बिटचा हॅश काढून त्यांची बेरीज आधी आणि नंतर ताडा. एक्सऑर वापरू नका, कारण एकसारख्या नोंदींच्या जोड्या त्यात एकमेकींना खोडतात आणि चूक लपते.

क्रम बरोबर, मोजणी बरोबर, पण हॅशची बेरीज जुळत नाही, असं दिसलं तर सीमांच्या कोडमध्ये वेळ घालवू नका. देवाणघेवाणीचा कोड उघडा आणि नॉन-ब्लॉकिंग पाठवणी पूर्ण व्हायच्या आतच तो बफर पुढच्या नोंदींनी भरला जातोय का ते बघा. किल्ल्या वेगळ्या वाटेने, घटकांबरोबर जात असतील तर त्या शाबूत राहतात आणि बिघडतात ते फक्त उरलेले ९० बाइट, म्हणून क्रमाच्या तपासणीत काहीच दिसत नाही.